ना फिर्याद, ना सारवासारव: घटस्फोटावरच्या एका लेखाचं प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी बेतलेलं आहे. त्यात येणारा कायदा खरा आहे. माणसं आणि त्यांचा लेख मात्र रचलेला आहे, आणि या विषयावरच्या लेखनात जे पुन्हा पुन्हा घडतं ते त्यात एकत्र आणलं आहे. घटस्फोटावर लिहिणाऱ्याचं नाव बदललं तरी ओळखणारे ओळखतातच, म्हणून कुणाचा खरा मसुदा इथे वापरलेला नाही.

लेखिका त्रेचाळीस वर्षांची, पुण्यात शाळेत गणित शिकवणारी. लग्न सोळा वर्षं टिकलं. मुलगा तेरा वर्षांचा, तो तिच्याकडे राहतो आणि शनिवार-रविवार वडिलांकडे जातो. घटस्फोट परस्परसंमतीने होऊन दोन वर्षं झाली. मारहाण नव्हती, दारू नव्हती, तिसरं माणूस नव्हतं. एका दिवाळी अंकाने तिच्याकडे अठराशे शब्दांचा लेख मागितला. तिची अट एकच होती: मुलाने पाच वर्षांनी वाचला तर त्याला आई किंवा वडील यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागू नये. आणि संपादकांची अट अशी, की लेख वाचून ‘मग हे वेगळे झालेच का?’ असं वाचकाला वाटू नये. या दोन अटी एकत्र पाळणं किती अवघड आहे, ते पहिल्या दोन मसुद्यांत दिसतं.

पहिला मसुदा: अर्जासारखा

पहिला मसुदा एकतीसशे शब्दांचा होता. त्यातला मधला परिच्छेद असा:

‘तो कायम स्वतःचंच खरं करत आला. माझ्या मताला त्या घरात कधीच किंमत नव्हती. माझ्यापासून लपवून त्याने चार लाखांचं कर्ज काढलं, कारण त्याच्यासाठी भाऊ आधी होता आणि मी नंतर.’

संपादकांनी तिला मसुद्याची प्रत काढून तीन रंगांची पेनं घ्यायला सांगितलं. जे तिने स्वतः पाहिलं, ऐकलं किंवा ज्याचा कागद आहे, त्याखाली निळी रेघ. दुसऱ्याच्या मनात काय होतं याबद्दलचा जो अंदाज आहे, त्याखाली लाल. आणि माणसाच्या स्वभावावर दिलेला जो निकाल आहे, त्याखाली हिरवी. वरच्या तीन वाक्यांत निळी रेघ फक्त एका तुकड्याखाली आली: चार लाखांचं कर्ज काढलं आणि तिला ते माहीत नव्हतं. ‘कायम’ आणि ‘कधीच’ यांच्याखाली हिरवी, ‘कारण’च्या पुढे सगळी लाल. ‘लपवून’ या शब्दापाशी ती बराच वेळ थांबली. कर्ज तिला माहीत नव्हतं, हे निळं. त्याने लपवलं, यात त्याचा हेतू येतो, ते लाल.

हे रंग म्हणजे खोट्याची खूण नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. लाल रेघेचा अंदाज खराही असू शकतो. अडचण अशी, की लेखकाने अंदाज विधानासारखा मांडला की वाचक पंच होऊन बसतो. त्याला निकाल द्यायला बोलावलंय असं वाटतं आणि तो पुराव्याची दुसरी बाजू शोधायला लागतो. लेखिकेचं दुखणं राहतं बाजूला.

हा मसुदा असा का झाला, याचं कारण तिच्या फायलीत होतं. वेगळं व्हायचं ठरल्यावर ती आधी एका वकिलाकडे गेली होती आणि एकतर्फी अर्जाचा कच्चा मसुदा तयार झाला होता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१) खाली घटस्फोट मागायचा तर क्रूरता, परित्याग अशी ठरलेली कारणं दाखवावी लागतात. म्हणून अर्जात क्रमांकाने परिच्छेद असतात आणि प्रत्येक परिच्छेद समोरच्याविरुद्ध काहीतरी सिद्ध करत असतो. तो अर्ज दाखल झालाच नाही, पण त्याची भाषा तिच्या अंगवळणी पडली होती. ज्यांनी वकिलाच्या टेबलासमोर बसून आपलं लग्न सांगितलंय, त्यांच्या लेखनात हे फार वेळा आढळतं. प्रसंग येतो तो पुरावा म्हणून, आणि पुराव्याच्या उपयोगाचं नसलेलं सगळं गळून जातं. पहिल्या मसुद्यात सोळा वर्षांतला एकही बरा दिवस नव्हता. तो का नाही, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘तो लिहिला की माझी बाजू कमकुवत होते.’ अर्जात होते, हे खरंच आहे. लेखात मात्र बरा दिवस नसला तर काय गेलं ते वाचकाला कळत नाही, आणि काय गेलं ते कळल्याशिवाय दुःखही कळत नाही.

दुसरा मसुदा: सगळं गुळगुळीत

दुसरा मसुदा ती आठवड्यात घेऊन आली. नऊशे शब्द.

‘मतभेद वाढत गेले. संवाद कमी होत गेला. अखेर दोघांनी समंजसपणे वेगळं व्हायचं ठरवलं. आजही आम्हाला एकमेकांबद्दल आदर आहे.’

यात कुणावर दोष नाही, कारण यात कुणी माणूसच नाही. वाढले ते मतभेद, कमी झाला तो संवाद. कोण काय बोललं, कोण बोलायचं थांबलं, हे मराठी वाक्य सहज गिळून टाकू शकतं. ‘जमलं नाही’, ‘पटलं नाही’, ‘वाटा वेगळ्या झाल्या’, ‘कर्ज काढलं गेलं’ ही सगळी त्याच घरातली वाक्यं. बोलताना, नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तर देताना ती उपयोगी पडतात. लेखात ती आली की वाचकाला दार बंद झाल्याचं जाणवतं.

गंमत नव्हे, पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हा मसुदाही एका अर्जासारखाच होता, फक्त दुसऱ्या. परस्परसंमतीचं कलम १३ब १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. त्यात म्हणायचं एवढंच असतं: आम्ही वर्षभर किंवा जास्त काळ वेगळे राहत आहोत, आम्हाला एकत्र राहता आलेलं नाही, आणि लग्न संपवायचं आम्ही मिळून ठरवलं आहे. कारण द्यायची गरज नाही. कायदा म्हणून हे फार माणुसकीचं आहे. पण ‘वेगळे राहत आहोत’ या शब्दांत किती काय मावतं ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केलं, की वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. छप्पर एकच असलं तरी चालतं. या प्रकरणातलं जोडपं असंच वर्षभर सिंहगड रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहिलं. ती मुलाच्या खोलीत झोपायची, तो बाहेरच्या खोलीत दिवाणावर. कोर्टाला त्या वर्षाचं एक ओळीचं विधान पुरलं. लेखाला ते वर्षच लिहायला हवं होतं.

तिसरा मसुदा: कागद आणि दिवस

तिसऱ्या मसुद्याआधी लिहिणं थांबवून तिला एक तक्ता करायला सांगितलं. एका रकान्यात तारीख किंवा महिना, दुसऱ्यात काय घडलं, तिसऱ्यात ते कशावरून माहीत आहे. तिसरा रकाना महत्त्वाचा. बँकेचं पत्र, शाळेची वही, फोनवरचे जुने निरोप, कुणाचं बोलणं, की नुसती आठवण, हे तिथे लिहायचं. दुखावलेल्या माणसाची आठवण खोटी नसते, पण ती निवडक असते. तक्त्यात तिने लेखात कुठेच न लिहिलेली एक गोष्ट वर आली. सात महिने दोघांचे फोनवरचे निरोप असे होते: ‘दूध आण.’ ‘गॅस नोंदवला.’ ‘१५ तारखेला पालकसभा.’ ‘उशीर होईल.’ ‘बरं.’ तिला वाटत होतं तो बोलायचा बंद झाला. निरोपांत मात्र दर थोड्या दिवसांनी त्याचा एखादा लांब निरोप होता आणि त्याखाली तिचं उत्तर: ‘बरं.’

संपादकांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला, ‘बँकेचं पत्र तुमच्या हातात कसं आलं?’ पाकीट त्याच्या नावाचं होतं. तिने फोडलं होतं. पहिल्या मसुद्यात हे नव्हतं, दुसऱ्यात पत्रच नव्हतं. तिसऱ्यात तो प्रसंग असा आला:

‘एका शनिवारी बँकेचं पाकीट आलं. त्यावर त्याचं नाव होतं. वीजबिलाबरोबर मी तेही फोडलं. चार लाखांचं वैयक्तिक कर्ज, चौदावा हप्ता थकलेला. म्हणजे चौदा महिने आम्ही रोज रात्री शेजारी बसून जेवत होतो आणि मला हे माहीत नव्हतं. संध्याकाळी तो आला तेव्हा पत्र टेबलावर होतं. तो म्हणाला, “धाकट्याला दिले. दुकानासाठी.” मी म्हटलं, “बरं.” त्यानंतर सात महिने आम्ही घरच्या कामांपलीकडे काही बोललो नाही. बोलणं मी थांबवलं होतं.’

या परिच्छेदात कर्जाची गोष्ट सौम्य केलेली नाही. रक्कम आहे, महिने आहेत, थकलेला हप्ता आहे. ‘लपवलं’ हा शब्द नाही, तरी वाचकाला जे कळायचं ते चौदा महिन्यांच्या जेवणांतून कळतं. दुखणं त्या एका वाक्यात आहे. आणि शेवटचं वाक्य दुसऱ्या मसुद्यातल्या ‘संवाद कमी होत गेला’ याच्या जागी आलं आहे. तिथे करणारं कुणी नव्हतं, इथे ‘मी’ आहे.

इथे एक धोका असतो आणि तो अनुभवी लेखकांनाही चुकत नाही. आपण आपली चूक लिहिली की समोरच्याची लिहायचा परवाना मिळाला असं वाटू लागतं. मग लेख जमाखर्चाच्या वहीसारखा होतो: त्याचं कर्ज, माझं मौन; त्याचा उशीर, माझा त्रागा; बेरीज शून्य. खऱ्या लग्नात अशी बरोबरी क्वचित असते आणि वाचकाला ती बेतलेली कळते. तिच्या मसुद्यात पुढे ‘अर्थात मीही कमी नव्हते, माझ्याही खूप चुका झाल्या’ असं वाक्य होतं. ते काढलं. कुठली चूक, कधी, हे न सांगता केलेली कबुली म्हणजे पुन्हा तीच सारवासारव. फक्त नम्र दिसणारी. सात महिन्यांचं मौन एवढं नेमकं सांगितल्यावर त्या वाक्याला काही काम उरत नव्हतं.

दोष न देणं म्हणजे कृती न लिहिणं नव्हे. कृती पूर्ण लिहायची. हेतू फक्त त्याने सांगितला असेल तेवढाच लिहायचा, आणि स्वभावावरचा निकाल द्यायचा नाही. भावाला पैसे देणं हे काहींना कर्तव्य वाटेल, काहींना बायकोचा विश्वासघात. दोन्ही वाचकांना त्या परिच्छेदात उभं राहायला जागा आहे, आणि तरीही लेखिकेला काय झालं त्याबद्दल कुणालाच शंका राहत नाही.

हा सगळा मार्ग एका सीमेपर्यंतच चालतो. लग्नात मारहाण, धमकी, पैशांची किंवा बाहेर जाण्याची कोंडी, मुलावर हात असं काही झालं असेल, तर ‘दोघांचंही काही चुकलं’ असा समतोल साधणं म्हणजे खोटं लिहिणं होय. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा शारीरिकच नव्हे, तर शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानतो. अशा लेखात करणाऱ्याने काय केलं ते स्पष्टपणे त्याच्या नावावर टाकावं लागतं. म्हणूनच काम हाती घेण्याआधी संपादकांनी तिला विचारलं होतं की न सांगितलेलं असं काही आहे का. तिने नाही म्हटल्यावरच पुढचं सगळं झालं.

दुखणं कुठे ठेवायचं

तिसऱ्या मसुद्यातही विशेषणं भरपूर होती. ‘असह्य पोकळी’, ‘उद्ध्वस्त’, ‘काळीज पिळवटणारं’. ती खरी असली तरी ती सगळ्यांच्या दुःखाला बसतात, म्हणून या दुःखाबद्दल काही सांगत नाहीत. तिला विचारलं गेलं: आज, दोन वर्षांनी, नेमकं कुठल्या वेळी टोचतं? तिने कर्ज सांगितलं नाही, कोर्टही नाही. तिने गौरी सांगितल्या.

सासर साताऱ्याचं. पंधरा वर्षं गौरींना साडी ती नेसवत असे; उभ्या गौरींच्या निऱ्या घरात तिच्याइतक्या कुणाला जमत नव्हत्या. वेगळं झाल्यावर पहिल्या वर्षी गौरी आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. मुखवट्यांचे दागिने कुठे ठेवलेत ते सापडत नव्हतं. तिने सांगितलं, ‘आई, माळ्यावर निळ्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतरात गुंडाळलेत.’ सासूबाई ‘बरं हो’ म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मसुद्यात हा प्रसंग दोन ओळींत होता आणि त्याखाली चार ओळींचं स्पष्टीकरण: त्या क्षणी आपण परक्या झाल्याचं कसं कळलं, नाती कशी कागदावर संपतात, वगैरे. प्रसंग फुलवला आणि स्पष्टीकरण काढलं. तिला अजूनही ‘आई’ म्हणावंसं वाटतं, ठेवलेल्या वस्तूची जागा तिलाच माहीत आहे आणि बोलावणं मात्र नाही, हे सगळं संवादातच आहे. इथे कुणाचंच चुकलेलं नाही. सासूबाईंनी बोलवायचं तरी कसं? लग्न संपल्याचा घाव बहुतेक वेळा अशाच ठिकाणी असतो, जिथे बोट दाखवायला समोर कुणी नसतं. आणि लेखक मात्र तो ठेवतो भांडणाच्या प्रसंगात, कारण तिथे समोर माणूस असतो.

पण एवढ्यावर थांबणं चूक ठरलं असतं. स्पष्टीकरण काढल्यावर उरलेला प्रसंग इतका संयमी झाला, की लेखिकेला काही झालं की नाही ते वाचणाऱ्याला कळेना. संयमाचाही पडदा होतो. सुशिक्षित मराठी लेखनात हा पडदा फार आवडता आहे आणि त्याला चांगली शैली समजलं जातं, म्हणून त्याबद्दल जास्त सावध राहायला हवं. प्रसंगानंतर दोन साधी वाक्यं घातली: ‘फोन ठेवून मी रडले. मला त्या घरात जायचं होतं.’ दुसरं वाक्य इच्छेचं आहे. काय वाटलं यापेक्षा काय हवं होतं हे सांगितलं की दुःख लपत नाही आणि कुणावर उडतही नाही. मराठीत ‘मला राग आला’, ‘मला तुटल्यासारखं झालं’ असं कुणालाही कर्ता न करता म्हणता येतं, ही सोय इथे खरी कामाची आहे. ‘त्याने मला तोडलं’ असं लिहायची गरज पडत नाही, आणि ‘तुटणं’ही शाबूत राहतं.

त्याच्या दुःखाचं काय? ते तिला माहीत नाही. ‘त्यालाही नक्कीच त्रास झाला असेल’ हे वाक्य दिसायला उदार, पण ते पुन्हा लाल रेघेखालचंच. त्याऐवजी तिने जे पाहिलं, ऐकलं तेवढं ठेवलं: सामान हलवताना त्याने स्वयंपाकघरातलं काही घेतलं नाही, आणि पुढे मुलाकडून कळलं की तो डबा लावून जेवतो.

त्याला काय म्हणायचं, हाही प्रश्न होता. खोटं नाव दिलं तर कथेसारखं वाटतं. ‘माझा पूर्वाश्रमीचा नवरा’ दर वाक्यात टोचतं. मधल्या एका मसुद्यात तिने ‘ते’ वापरलं होतं. लग्नात ती त्याला नावाने आणि ‘अरे-तुरे’ने हाक मारायची, म्हणून या ‘ते’मध्ये आदर नव्हता, गारठा होता. शेवटी पहिल्यांदा ‘मुलाचे बाबा’ आणि पुढे सगळीकडे नुसतं ‘तो’ ठेवलं.

कायद्याच्या नजरेने एक वाचन

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार या कायद्याखालची कार्यवाही बंद दारांआड चालते आणि तिच्यासंबंधीचा मजकूर छापायला मनाई आहे. अपवाद उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा, तोही न्यायालयाच्या परवानगीने. दंड एक हजार रुपयांपर्यंतच आहे, पण प्रश्न दंडाचा नाही. ती गोपनीयता समोरच्या माणसाचीही आहे. विशेष विवाह कायद्यातही असंच कलम आहे. आपलं आयुष्य लिहिणं आणि कोर्टातली कार्यवाही लिहिणं यात रेघ ओढावी लागते. तिच्या लेखातून त्यामुळे तीन गोष्टी गेल्या: अर्जातली वाक्यं, समुपदेशकासमोर तो काय म्हणाला तो परिच्छेद, आणि तडजोडीच्या अटींतली रक्कम. समुपदेशकाच्या खोलीतला परिच्छेद लेखातला सगळ्यात जिवंत होता. तो गेल्याचं तिला वाईट वाटलं, पण तो ठेवण्यासारखा नव्हता. त्या खोलीत माणूस बोलतो ते बाहेर जाणार नाही या भरवशावर.

आपल्या संमतीच्या अटींचा कागद पुन्हा काढून वाचायला हवा, हेही तिला सांगितलं. त्यात बऱ्याचदा एकमेकांविरुद्धचे आरोप मागे घेतल्याचं आणि पुढे बदनामी न करण्याचं कलम असतं. सही करताना ते कुणी नीट वाचत नाही. तिच्या कागदात ते होतं. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि ‘मी खरं तेच लिहिलं’ एवढा बचाव तिथे पुरत नाही; ते सांगणं सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. निळ्या रेघेची वाक्यं इथेही उपयोगी पडतात, कारण स्वभावावरचा निकाल आणि हेतूचा आरोप हीच वाक्यं बहुधा वादात सापडतात. तरी अंतिम मसुदा एकदा वकिलाच्या नजरेखालून घातला.

त्याला दाखवणं

लेख त्याला दाखवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. इथे मुलगा दोघांकडे ये-जा करत होता, म्हणून दाखवायचं ठरलं. काय विचारायचं ते आधी पक्कं केलं. ‘तुला चालेल का?’ असं विचारलं तर नकार आल्यावर लेख संपतो, किंवा नकार डावलून छापल्याचा नवा घाव होतो. तिने निरोप पाठवला: ‘यात घडलेलं काही चुकीचं असेल तर सांग. मुलाबद्दलचं काही नको असेल तर तेही सांग. बाकी माझं म्हणणं आहे, ते तसंच राहील.’ आठ दिवसांची मुदत दिली. पाठवायची वेळही निवडली, मुलगा त्याच्याकडे असण्याचा शनिवार-रविवार टाळून.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. मुलाच्या शाळेचा उल्लेख काढ, असं त्याने लिहिलं, तो काढला. दुसरा मुद्दा कर्जाचा होता. ‘मला हे माहीत नव्हतं असं तू लिहिलंयस. कर्ज घ्यायच्या आधी दिवाळीत मी विषय काढला होता. तू म्हणालीस, तुझ्या भावाचं तू बघ.’

तिला हे आठवत नव्हतं. तक्त्यात त्या दिवाळीचं काही नव्हतं, फोनवरही नाही. पहिली प्रतिक्रिया रागाची होती: हा आता गोष्ट बदलतोय. दुसरी, उलट टोकाची: मग तो सगळा परिच्छेदच काढून टाकते. दोन्हींची गरज नव्हती. परिच्छेदाच्या शेवटी तीन वाक्यं वाढवली:

‘तो म्हणतो, दिवाळीत त्याने विषय काढला होता आणि मी “तुझ्या भावाचं तू बघ” म्हणाले होते. मला ते आठवत नाही. मी असं म्हणू शकते, हे मला माहीत आहे.’

लेखातली ही सगळ्यात कणखर जागा ठरली. ती त्याचं म्हणणं मान्य करत नाही, खोडतही नाही, आणि स्वतःबद्दल जे प्रामाणिकपणे सांगता येतं ते सांगते. चौदा महिन्यांच्या जेवणांचं वाक्य वर तसंच राहिलं. तिला ते माहीत नव्हतं असं वाटणं आणि त्याने सांगितलं होतं असं त्याला वाटणं, दोन्ही त्याच घरात, त्याच टेबलाशी झालं. लग्न कसं संपतं, याचं उत्तर वाचकाला इथे मिळतं.

छपाईआधी

लेखाचा शेवट तिने तीनदा बदलला. ‘आज आम्ही चांगले मित्र आहोत’ हे खरं नव्हतं. ‘मी आता खंबीर झाले’ हे अर्धवट खरं होतं, आणि त्याने सोळा वर्षं एखाद्या प्रशिक्षणासारखी वाटू लागली असती. शेवटी शनिवारची अदलाबदल ठेवली: मुलाला सोडायला गेल्यावर ती खालीच थांबते, तो गॅलरीतून हात करतो, औषधाची बाटली राहिली असेल तर ती वर जाऊन देते. एवढंच.

सगळी मेहनत वाया जाऊ शकते ती मात्र पुढच्या पायरीवर, आणि लेखक तिथे हजर नसतो. मांडणी करणारा पानाच्या मधोमध ठळक चौकटीसाठी एक वाक्य उचलतो, आणि तो उचलणार तेच, जे एकटं काढलं तर सणसणीत वाटतं. इथे ‘चौदा महिने मला माहीत नव्हतं’ हे चौकटीत आलं असतं तर पान चाळणाऱ्याच्या लेखी तो लेख फिर्याद झाला असता. तिने संपादकांशी लेखी ठरवून घेतलं: चौकट नको, किंवा हवीच असेल तर गौरींच्या प्रसंगातलं वाक्य, शीर्षकात ‘घटस्फोट’ असेल, पण ‘विश्वासघात’, ‘तुटलेलं’, ‘सुटका’ यांतलं काही नसेल, लग्नाचा फोटो नाही, चित्रकाराला पाठ फिरवलेली दोन माणसं काढू नका असं सांगायचं. ऑनलाइन आवृत्तीच्या वरच्या दोन ओळीही तिनेच लिहून दिल्या, कारण फोनवर लेख पुढे जातो तेव्हा बहुतेकांना दिसतात त्या तेवढ्याच.